स्लाइडवर न मावलेलं

अकरावीच्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी चार मुलांच्या एका गटाने सादरीकरण तयार केलं आहे असं समजू. विषय, कोयनेचा १९६७ चा भूकंप. दहा स्लाइड, बोलायला आठ मिनिटं. चौथ्या स्लाइडवर ठळक अक्षरांत एकच वाक्य आहे : ‘धरणात पाणी साठल्यामुळे भूकंप झाला.’

हे वाक्य वाचून भूगोलाच्या मॅडमना मुलांबद्दल काहीच कळत नाही. कदाचित मुलांनी त्यामागचं शास्त्र नीट वाचलं असेल, आपापसांत वाद घातला असेल आणि मग जागा नाही म्हणून सगळं एका ओळीत बसवलं असेल. कदाचित पहिल्या सापडलेल्या पानावरून तेवढीच ओळ उचलली असेल. दोन्ही गटांच्या स्लाइड शेजारी ठेवल्या तर त्या हुबेहूब सारख्या दिसतील. फरक दिसतो तो सादरीकरणासोबत दिलेल्या चिठ्ठीत, म्हणजे मुलांनी शिक्षकांना उद्देशून लिहिलेल्या अर्ध्या-पाऊण पानात. काय आटवलं, का आटवलं आणि आटवल्यामुळे पाहणाऱ्याचा कुठे गैरसमज होऊ शकतो, हे तिथे लिहायचं असतं.

आज बहुतेक सादरीकरणं ईमेलने किंवा वर्गाच्या ग्रुपवर जातात आणि सोबत ‘मॅडम, पीपीटी पाठवत आहे’ एवढाच मजकूर असतो. काही मुलं स्लाइडखालच्या नोट्सच्या चौकटीत तपशील लिहून ठेवतात. तो तपशील बोलताना उपयोगी पडतो, पण फाइल नेहमीच्या पद्धतीने पीडीएफ करून पाठवली की त्या नोट्स सोबत जात नाहीत, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला तर त्या दिसतच नाहीत. म्हणून चिठ्ठी वेगळ्या पानावर हवी.

ती कशी घडते हे कोयनेच्याच उदाहरणावर पाहू, कारण या विषयात आटवताना होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका एकत्र भेटतात.

सुरुवात तारखेपासूनच होते. भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात कोयनानगरची माणसं झोपेत होती. पण जगभरच्या भूकंपांच्या याद्या ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे केलेल्या असतात आणि ती आपल्या साडेपाच तास मागे आहे. त्यामुळे तिथे हाच भूकंप १० डिसेंबरच्या रात्री नोंदलेला सापडतो. दोन्ही तारखा बरोबर आहेत. स्लाइडवर दोन तारखा लिहून गोंधळ घालण्यात अर्थ नाही, पण चिठ्ठीत एक वाक्य हवं. ते नसेल तर एखाद्या आंतरराष्ट्रीय यादीशी पडताळणी करणारे शिक्षक तारखेवर लाल खूण करतील, आणि मुलांना चूक कुठे झाली हेही कळणार नाही.

तीव्रतेच्या आकड्याचं तसंच आहे. बहुतेक पुस्तकांत ६.३ सापडते, काही ठिकाणी ६.५, काही ठिकाणी ६.६. तीव्रता मोजण्याच्या पद्धती एकाहून जास्त आहेत आणि त्या वेगवेगळ्या लहरींवरून आकडा काढतात. स्लाइडवर एकच आकडा घ्यावा आणि तो का घेतला हे चिठ्ठीत सांगावं. मृतांच्या संख्येबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. काही ठिकाणी १७७ जण दगावल्याची नोंद मिळते, काही ठिकाणी सुमारे २००. मुलांना यातला एक आकडा उचलून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ‘१७७ ते २००’ असं लिहायला स्लाइडवर दोनच शब्द जास्त लागतात. जे स्लाइडवर खरं राहून मावतं ते चिठ्ठीवर ढकलू नये.

आता त्या चौथ्या स्लाइडकडे येऊ.

कोयनेच्या परिसरात वरचा खडक आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. त्याखाली काय आहे हे पाहण्यासाठी तिथे खोल विंधनविहिरी घेतल्या गेल्या. त्यातली एक तीन किलोमीटर खोल आहे, २०१७ मध्ये पूर्ण झालेली. तिच्यात सुमारे साडेबाराशे मीटर बेसॉल्ट भेदल्यावर त्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. कोयनेचे भूकंप बहुतांशी याच खालच्या खडकात होतात. त्या खडकात जुने भ्रंश आहेत, म्हणजे खडक ज्या ठिकाणी तुटून दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून बसल्या आहेत अशा भेगा. भूपृष्ठाच्या हालचालींनी या भेगांवर प्रदीर्घ काळ ताण साचत आलेला आहे. भूकंपात जी ऊर्जा बाहेर पडते ती या ताणाची. धरणातलं पाणी ती ऊर्जा निर्माण करत नाही.

मग पाणी काय करतं? एक तर त्याचं वजन खालच्या खडकावर येतं. दुसरं, आणि बहुधा जास्त महत्त्वाचं, म्हणजे पाण्याचा दाब खडकातल्या बारीक भेगांमधून हळूहळू खाली पोचतो. भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींवर घट्ट धरून ठेवणारा जोर या दाबामुळे कमी होतो. एकावर एक ठेवलेल्या दोन जड फरश्यांच्या मधे पाणी शिरलं की वरची फरशी थोड्या धक्क्यानेही सरकते, तसं काहीसं. आधीच सरकण्याच्या बेताला आलेला भ्रंश लवकर सरकतो.

या म्हणण्याला आधार आहे. शिवाजीसागर जलाशय भरायला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लागला आणि त्यानंतर लवकरच परिसरात धक्के जाणवू लागले. दक्षिणेचं पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, असा तोवरचा समज होता. १९६७ नंतरही पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप झाले, आणि हे सगळं साधारण वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब एवढ्याशा पट्ट्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता यांनी या प्रश्नावर अनेक दशकं काम केलं, आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास म्हटला की जगभर कोयनेचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं.

पण जगातल्या बहुतेक मोठ्या धरणांच्या आसपास असं काही घडलेलं नाही. जलाशयाशी जोडलेले सहापेक्षा जास्त तीव्रतेचे भूकंप म्हणून नेहमी सांगितली जाणारी ठिकाणं चारच : चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि आपलं कोयना. जिथे भ्रंश नाही, किंवा आहे पण त्यावर पुरेसा ताण साचलेला नाही, तिथे पाणी कितीही साठवलं तरी मोठा भूकंप होणार नाही.

हे सगळं समजल्यावर ‘धरणात पाणी साठल्यामुळे भूकंप झाला’ हे वाक्य पुन्हा वाचा. पाहणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी उमटतील. पाणी साठवलं की भूकंप होतो ही एक, आणि पाण्याच्या वजनानेच जमीन फाटली ही दुसरी. दोन्ही चुकीच्या. म्हणजे हे वाक्य नुसतं आखूड झालेलं नाही, ते बिघडलेलं आहे. चिठ्ठी लिहायचा सर्वांत मोठा फायदा मला इथे दिसतो. ‘आम्ही इथे काय गाळलं’ हे लिहायला मूल बसलं की त्याला कळतं, की काही ठिकाणी आपण तपशील गाळला आणि अर्थ शाबूत राहिला, तर काही ठिकाणी तपशिलासोबत अर्थही गेला. दुसऱ्या प्रकाराला चिठ्ठीतलं स्पष्टीकरण पुरत नाही. तिथे स्लाइड बदलावी लागते. ‘खडकात आधीच साचलेला ताण जलाशयामुळे मोकळा झाला’ हे वाक्य लांबीने फारसं मोठं नाही, आणि खरं आहे. भेगांमधल्या दाबाचा भाग मग खुशाल चिठ्ठीत जाऊ द्यावा.

आकृतीच्या बाबतीत आटवणं आणखी घातक ठरू शकतं, कारण आकृती दिसायला पुराव्यासारखी असते. या गटाला दर महिन्याची जलाशयाची पातळी आणि दर महिन्याला झालेल्या भूकंपांची संख्या अशी माहिती मिळाली आहे असं धरू. चाळीस वर्षांचे महिने म्हणजे ४८० स्तंभ. ते स्लाइडवर बसत नाहीत. मुलं मग साहजिकच वर्षाची बेरीज आणि वर्षाची सरासरी काढतात, आकृती सुटसुटीत होते, आणि तिच्यातून नेमकी कामाची गोष्ट निघून जाते.

कोयनेचा जलाशय जून ते सप्टेंबरच्या पावसात भरतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो. हे दरवर्षीचंच, त्यामुळे पातळीची वार्षिक सरासरी फारशी हलत नाही. भूकंपांची संख्या मात्र पावसाळा सरता सरता वाढू लागते आणि पुढचे काही महिने वाढलेली राहते. पाणी वर चढणं आणि धक्के वाढणं यांच्यात काही आठवड्यांचं, काही वेळा महिन्यांचं अंतर असतं. हे अंतरच सांगतं, की नुसतं वजन कारण नसावं, दाब खाली झिरपायला वेळ लागत असावा. वर्षाची बेरीज केली की हे अंतर पुसलं जातं. मुलांच्या हातात उरतात सपाट रेषा आणि कमी-जास्त उंचीचे स्तंभ, ज्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही, आणि तरी वर मथळा असतो ‘पाणी आणि भूकंप यांचा संबंध’.

याला चांगला उपाय म्हणजे चाळीस वर्षं सोडून एकच वर्ष घ्यायचं आणि त्याचे बारा महिने पूर्ण दाखवायचे. हेही आटवणंच, पण यात आकृतीचा कणा शिल्लक राहतो. फक्त एक वर्ष निवडलं की ‘हेच का?’ हा प्रश्न येणारच. आपलं म्हणणं सिद्ध करणारं वर्ष शोधून काढणं सोपं असतं, म्हणून चिठ्ठीत निवडीचं कारण लिहिणं अपरिहार्य आहे. कोयनेच्या बाबतीत एक चांगलं कारण उपलब्ध आहे. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचा, चांदोलीचा, जलाशय भरू लागला आणि त्यानंतर धक्क्यांचं क्षेत्र तिकडेही सरकलं. १९९० नंतरच्या दशकात त्या बाजूला पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे भूकंपही झाले. म्हणजे १९८५ नंतरच्या कुठल्याही वर्षात दोन जलाशयांचा परिणाम मिसळलेला असतो. एका जलाशयाची गोष्ट सांगायची तर त्याआधीचं वर्ष घ्यावं. ‘आकृती छान दिसते म्हणून’ आणि ‘वारणेचा जलाशय भरायच्या आधीचं म्हणून’ या दोन उत्तरांतून शिक्षकांना मुलांच्या अभ्यासाची खोली लगेच कळते.

राहिला पूर्ण गाळलेला भाग. कोयना धरण १०३ मीटर उंच. भूकंपात त्याच्या उंच भागांना आडव्या भेगा गेल्या, धरणाच्या मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास. धरण टिकलं, आणि पुढे मागून आधार देऊन ते मजबूत करण्यात आलं. भूकंपाच्या वेळी धरणातच बसवलेल्या यंत्रावर हादऱ्यांची नोंद झाली आणि ती नोंद धरणांचे अभियंते आजही वापरतात. विषय म्हणून हा भाग विलक्षण आहे. तरी ‘भूकंप का झाला’ हा प्रश्न घेतलेल्या आठ मिनिटांत तो गाळणंच योग्य. चिठ्ठीत त्यासाठी एक-दोन ओळी पुरेत.

एवढं झाल्यावर चिठ्ठी साधारण अशी उतरेल :

‘माननीय मॅडम, सादर नमस्कार. कोयना भूकंपावरचं आमच्या गटाचं सादरीकरण सोबत देत आहोत. “हा भूकंप का झाला” हा एकच प्रश्न आम्ही घेतला आहे. त्यामुळे धरणाला गेलेल्या भेगा, दुरुस्ती आणि पुनर्वसन हे भाग पूर्ण सोडले आहेत. त्यांची टिपणं प्रकल्पवहीत आहेत.

स्लाइड २ वर तारीख भारतीय वेळेप्रमाणे ११ डिसेंबर अशी दिली आहे. ग्रीनिच वेळेप्रमाणे ती १० डिसेंबर येते. तीव्रता ६.३ घेतली, कारण आम्ही वाचलेल्या बहुतेक पुस्तकांत ती आहे. ६.५ आणि ६.६ असेही आकडे मिळतात.

स्लाइड ४ वर “साचलेला ताण जलाशयामुळे मोकळा झाला” एवढंच लिहिलं आहे. पाण्याचा दाब भेगांमध्ये कसा पोचतो ही पायरी तिथे नाही. ती आम्ही तोंडी सांगणार आहोत. स्लाइड एकटी पाहिली तर प्रत्येक धरणामुळे भूकंप होतो असं वाटू शकेल. तसं नाही, हे स्लाइड ५ वर लिहिलं आहे.

स्लाइड ६ ची आकृती एकाच वर्षाची आहे. वर्षाची बेरीज करून पाहिली, पण पाणी चढणं आणि धक्के वाढणं यांतलं अंतर तिच्यात दिसेना. वारणेचा जलाशय भरू लागण्याआधीचं वर्ष मुद्दाम निवडलं आहे. आणखी दोन वर्षांच्या आकृत्या वहीत आहेत. त्यांतल्या एकीत हे अंतर इतकं स्पष्ट नाही.

पाण्याचं वजन आणि भेगांमधला दाब यांत कशाचा वाटा किती, हे आम्हाला ठरवता आलं नाही. म्हणून स्लाइडवर दोन्हींचा उल्लेख आहे, प्रमाण दिलेलं नाही.’

या चिठ्ठीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वाक्य आहे, ‘त्यांतल्या एकीत हे अंतर इतकं स्पष्ट नाही.’ आपल्या बाजूने न बोलणारी आकृती मुलांनी लपवली नाही. ती वहीत ठेवली आणि शिक्षकांना तिची जागा दाखवली. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी आपल्या समजुतीची कड कुठे संपते तेही सांगितलं, आणि त्यासाठी क्षमा मागत बसले नाहीत.

बिघडलेल्या चिठ्ठ्याही ओळखता येतात. त्यांत कारण म्हणून ‘वेळेअभावी’ आणि ‘जागेअभावी’ हे दोनच शब्द पुन्हा पुन्हा येतात. वेळ आणि जागा सगळ्यांनाच कमी असते. त्यामुळे काहीतरी गाळावं लागलं हे समजतं, पण हेच का गाळलं आणि ते का ठेवलं हे समजत नाही. जे कारण दुसऱ्या कुठल्याही गटाच्या चिठ्ठीत जसंच्या तसं चिकटवता येतं, ते कारण नव्हे. दुसरी खूण म्हणजे चिठ्ठी स्लाइडची अनुक्रमणिका होऊन बसते : पहिल्या स्लाइडवर प्रस्तावना आहे, दुसऱ्या स्लाइडवर नकाशा आहे. ते शिक्षकांना दिसतंच. तिसरी खूण लांबीची. दोन-तीन पानांची चिठ्ठी म्हणजे स्लाइडवरून काढलेला मजकूर दुसऱ्या दाराने परत आत आणणं. चिठ्ठीत तपशील भरायचा नसतो. तो गाळताना घेतलेला निर्णय लिहायचा आणि तपशील कुठे सापडेल ते सांगायचं.

गटात काम होतं तेव्हा आणखी एक अडचण येते. चिठ्ठी बहुधा एकच मूल लिहितं, तेही शेवटच्या रात्री, आणि ज्याने आकृती केली त्याला विचारत नाही. मग चिठ्ठीत एक वर्ष आणि स्लाइडवर दुसरं, असं होतं. ज्याने ज्या स्लाइडचं आटवणं केलं त्यानेच त्याबद्दलची दोन वाक्यं त्याच दिवशी लिहून ठेवावीत आणि शेवटी एकाने ती जोडावीत. सादरीकरण पूर्ण झाल्यावर आठवून लिहिलेली कारणं बहुतेक वेळा नंतर रचलेली असतात.

शिक्षकांकडूनही एक अपेक्षा आहे. चिठ्ठी मागायची आणि वाचायची नाही, असं दोनदा झालं की मुलं ती लिहायचं थांबवतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. सादरीकरण पाहण्याआधी ती वाचावी आणि निदान एक प्रश्न तिच्यातून विचारावा. कोयनेच्या गटाला विचारता येईल, की ज्या वर्षी अंतर स्पष्ट दिसलं नाही ते वर्ष कोणतं, आणि त्या वर्षी पाऊस कसा होता? पाच मिनिटांच्या या बोलण्यात दहा स्लाइडपेक्षा जास्त कळतं.

भूगोल, विज्ञान, इतिहास, कुठलाही विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या प्रकल्पाच्या सूचनांमध्ये स्लाइडच्या कमाल संख्येखाली आणखी एक ओळ घाला : ‘सोबत एका पानापेक्षा कमी मजकुराची चिठ्ठी द्यावी, त्यात काय आटवलं, का आटवलं आणि गाळलेलं कुठे सापडेल हे लिहावं.’ आणि तिला गुण ठेवा.